पैसे आल्यापासून माल निघेपर्यंतचा वेळ आणि रद्द होणाऱ्या ऑर्डरी: हिशेब उलटा का येतोय?

आगळ_आणि_काजू, मालवण

कोकम आगळ, काजूगर, मालवणी मसाला आणि आंबापोळी असा माल आहे. दुकान वूकॉमर्सवर. कुरिअरचा माणूस सोमवार ते शनिवार दुपारी 4 वाजता पार्सलं उचलतो, रविवारी येत नाही.

एप्रिल-मे मधल्या ऑर्डरी काढल्या आहेत. कॅश ऑन डिलिव्हरी वगळली, फक्त ज्यांचे पैसे आधी जमा झाले त्या घेतल्या. एकूण 600. त्यातल्या 564 गेल्या, 36 रद्द झाल्या. पैसे आल्याची वेळ आणि पार्सल गेल्याची वेळ यांतला फरक तासांत काढला. गेलेल्यांची सरासरी 37 तास येते.

घोळ पुढे आहे. उशीर झाला की लोक रद्द करतात का, हे बघायला तासांप्रमाणे गट पाडले. 0 ते 24 तासांच्या गटात 246 ऑर्डरी आणि त्यात 36 रद्द, म्हणजे जवळपास 15 टक्के. 24 तासांच्या पुढच्या सगळ्या गटांत मिळून एकही रद्द नाही. याचा अर्थ आम्ही लवकर पाठवतो म्हणून लोक रद्द करतात असा निघतो, जो शक्य नाही. कुठे चुकतंय?

खाडीकाठ

रद्द झालेल्या ऑर्डरीला "पार्सल गेलं" ही वेळ नसतेच. तो रकाना रिकामा असणार आणि शीटने किंवा तुमच्या सूत्राने त्याला शून्य धरलंय. म्हणून 36 च्या 36 पहिल्या गटात जाऊन बसल्या. 246 मधून 36 काढा, 210 उरतात. पहिल्या 24 तासांत खरोखर गेलेल्या तेवढ्याच असतील.

रिकामे रकाने गाळूनही उपयोग नाही. मग रद्द ऑर्डरी हिशेबातूनच जातात आणि 37 तासांची सरासरी फक्त ज्यांनी वाट पाहिली त्यांची राहते. जे कंटाळून निघून गेले ते तिच्यात नाहीत.

रत्नांग्रीकर

एवढं कशाला खोलात जायचं? रद्द ऑर्डरींना पैसे आल्यापासून रद्द होईपर्यंतचा वेळ लावा आणि दोन सरासऱ्या समोरासमोर ठेवा. रद्द होणाऱ्यांची सरासरी जास्त आली तर उशिरामुळेच रद्द होतात हे सिद्ध. मग 24 तासांत माल काढायचा नियम करा, विषय संपला.

खाडीकाठ

@रत्नांग्रीकर, पहिलं अर्धं बरोबर आहे. रद्द ऑर्डरीला रद्द होण्याची वेळच लावायची. पण दोन सरासऱ्यांनी काही ठरत नाही. समजा दुकान सगळा माल 6 तासांत काढतं. तिथे रद्द होणाऱ्या ऑर्डरीही 6 तासांच्या आतच रद्द होणार, कारण त्यानंतर रद्द करायला दुकानात ऑर्डर उरतच नाही. म्हणजे रद्द होण्याची सरासरी वेळ दुकानाच्या वेगावर ठरते, गिऱ्हाइकाच्या मनावर नाही.

प्रश्न असा विचारायला हवा: 48 तास झाल्यावर ज्या ऑर्डरी अजून दुकानातच होत्या, त्यातल्या किती पुढच्या 24 तासांत रद्द झाल्या? आणि हाच प्रश्न प्रत्येक 24 तासांसाठी. भागायचं ते त्या घडीला थांबलेल्या ऑर्डरींच्या संख्येने, एकूण 600 ने नाही.

शीटमध्ये दोनच रकाने लागतात. F मध्ये पैसे आल्यापासून शेवटापर्यंतचे तास, मग तो शेवट पार्सल जाण्याचा असो वा रद्द होण्याचा. G मध्ये निकाल: "गेली", "रद्द" किंवा "बाकी". तिसऱ्या दिवसासाठी थांबलेल्या आणि त्यातल्या रद्द अशा मिळतील:

```
=COUNTIFS(F:F,">=48")
=COUNTIFS(F:F,">=48",F:F,"<72",G:G,"रद्द")
```

"बाकी" म्हणजे एक्सपोर्ट काढला तेव्हा अजून दुकानात असलेली ऑर्डर. तिच्या F मध्ये एक्सपोर्टच्या घडीपर्यंतचे तास टाका. ती गाळली तर सगळ्यात रखडलेल्या ऑर्डरीच हिशेबातून जातात.

सड्यावरची_पोर

गणिताच्या आधी तारखा तपासा. वूकॉमर्समध्ये तीन ठिकाणी फसगत होते.

एक. `wc-cancelled` स्टेटसमधल्या ऑर्डरी बघू नका. त्यातल्या बऱ्याच पैसे न भरलेल्या असतात. स्टॉक धरून ठेवण्याची मुदत मुळात 60 मिनिटांची असते. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर वूकॉमर्स ती ऑर्डर स्वतःच रद्द करतं. पैसे भरून नंतर नको म्हणणारा माणूस बहुतेक वेळा `wc-refunded` मध्ये सापडतो. पण माल पोचल्यावर बाटली फुटली म्हणून दिलेला रिफंडही तिथेच असतो. `date_completed` भरलेली असेल तर तो माल निघाल्यानंतरचा, रिकामी असेल तर माल निघण्याआधीचा.

दोन. कॅश ऑन डिलिव्हरी वगळलीत ते बरं झालं. तिच्यात `date_paid` ऑर्डर completed केल्यावर भरते. पैसे ते पार्सल हा फरक शून्य दिसतो आणि दुकान विजेच्या वेगाने चालतंय असं वाटतं.

तीन. `date_completed` ही पार्सल गेल्याची वेळ नाही, कुणीतरी बटण दाबल्याची वेळ आहे. त्या रकान्यात एकाच मिनिटाच्या वीस-वीस ऑर्डरी दिसल्या तर रात्री बसून सगळ्या एकदम पूर्ण केल्या असं समजा. खरी वेळ कुरिअरच्या फाइलमधल्या पिकअप स्कॅनची. लेबल छापल्याची वेळही धरू नका, लेबल सकाळी छापून पार्सल दोन दिवस टेबलावर असू शकतं.

रिफंडची वेळ वेगळ्या ओळीत असते आणि ती मूळ ऑर्डरीला `parent_id` ने जोडलेली असते. दोन्ही एकत्र आणायला:

```sql
SELECT o.order_id, o.status, o.date_paid,
       o.date_completed,
       MIN(r.date_created) AS refund_at
FROM wp_wc_order_stats o
LEFT JOIN wp_wc_order_stats r
  ON r.parent_id = o.order_id
WHERE o.parent_id = 0
  AND o.date_paid IS NOT NULL
GROUP BY o.order_id, o.status,
         o.date_paid, o.date_completed;
```

एखादी वस्तू नव्हती म्हणून तेवढेच पैसे परत केले असतील तरी `refund_at` भरलेलं येतं. म्हणून रद्द तीच धरा जिचं स्टेटस `wc-refunded` आहे. हाताने cancelled केलेली पण रिफंडची ओळ नसलेली ऑर्डर दिसली तर तिची वेळ ऑर्डर नोट्समध्ये मिळेल.

आंबोळी

माका एक सांगा. आमच्याकडे कॅश ऑन डिलिव्हरीची पार्सलां दारातसून परत येतत. गिऱ्हाईक घेणाच नाय. लवकर धाडलंय तर तां कमी होतला काय?

सड्यावरची_पोर

@आंबोळी, तो प्रश्नही महत्त्वाचा आहे, पण त्याचं घड्याळ वेगळं. तिथे माल निघून गेलेला असतो आणि घड्याळ ऑर्डर दिल्यापासून दारात पोचेपर्यंत चालतं. त्यात कुरिअरचे दिवस, पिन कोड आणि फोन न उचलणं हे सगळं येतं. इथे फक्त पैसे जमा झाल्यापासून माल आपल्या दारातून बाहेर पडेपर्यंतचा भाग बघतोय. दोन्ही एका रकान्यात घातलं तर कुणामुळे काय झालं ते कळणार नाही. वेगळा धागा काढा, तिथे लिहीन.

आगळ_आणि_काजू, मालवण

सगळं पुन्हा काढलं. पार्सलची वेळ कुरिअरच्या फाइलमधून घेतली. जूनअखेरचा एक्सपोर्ट आहे, त्यामुळे "बाकी" एकही नाही.

पहिले 24 तास: सुरुवातीला 600, गेल्या 210, रद्द 6.
24 ते 48: थांबलेल्या 384, गेल्या 198, रद्द 6.
48 ते 72: थांबलेल्या 180, गेल्या 96, रद्द 9.
72 ते 96: थांबलेल्या 75, गेल्या 36, रद्द 9.
96 च्या पुढे: थांबलेल्या 30, गेल्या 24, रद्द 6.

म्हणजे रद्द होण्याचं प्रमाण 1 टक्का, दीड, मग 5, मग 12 आणि शेवटी 20. चित्र पूर्ण उलटलं. वेळेच्या बाबतीत कुरिअरची फाइल आणि साइट यांच्यात 5 तास 30 मिनिटांची तफावत असू शकते का?

सड्यावरची_पोर

असू शकते. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये टाइमझोन UTC राहिला असेल तर साइटच्या वेळा साडेपाच तास मागे असतात आणि प्रत्येक ऑर्डरीला तेवढा खोटा उशीर चिकटतो. ओळखायची सोपी रीत आहे. ऑर्डरी दिवसाच्या कोणत्या तासाला येतात ते मोजा. पहाटे 2 ते 5 सगळ्यात शांत हवं. ती शांतता रात्री साडेआठ ते साडेअकरा या वेळात दिसली तर टाइमझोन चुकलाय. ज्या रकान्यांच्या नावाला शेवटी `_gmt` आहे ते तर नेहमीच साडेपाच तास मागे, सेटिंग काहीही असो.

आगळ_आणि_काजू, मालवण

बघितलं, शांतता पहाटेच आहे. टाइमझोन बरोबर आहे.

खाडीकाठ

छान. आता दोन गोष्टी.

पहिली किरकोळ. तिसऱ्या दिवशी 180 थांबलेल्या, पण त्यातल्या 96 त्याच दिवसात गेल्या. त्या पूर्ण 24 तास थांबलेल्या नव्हत्या. ढोबळ दुरुस्ती म्हणजे गेलेल्यांपैकी अर्ध्या वजा करायच्या: 180 वजा 48, म्हणजे 132. मग 9 भागिले 132 म्हणजे 6.8 टक्के. चौथ्या दिवसाला 75 वजा 18, म्हणजे 57, आणि प्रमाण 15.8 टक्के. चढ तसाच राहतो, थोडा अधिक उभा होतो. 96 च्या पुढची ओळ एका दिवसाची नाही, तिचे 20 टक्के बाकीच्यांच्या रांगेत ठेवू नका.

दुसरी मोठी. 48 तासांनंतर रद्द झालेल्या 24 ऑर्डरी कुणी रद्द केल्या? गिऱ्हाइकाने की तुम्ही? माल नाही म्हणून दुकानानेच पैसे परत केले असतील तर उशीर आणि रद्द होणं या दोन्हींच्या मुळाशी माल नसणं आहे. वाट पाहून गिऱ्हाईक गेलं असं तिथे म्हणता येत नाही. ऑर्डर नोट्स वाचल्याशिवाय हे कळणार नाही. 24 नोट्स आहेत, वाचून होतील.

देवगड_बाग

आमचं उलटं आहे म्हणून लिहितो. हापूसच्या पेट्यांचं बुकिंग आम्ही मार्चमध्ये घेतो, पैसे पूर्ण आधी. पेटी निघते एप्रिलमध्ये, फळ तयार झाल्यावर. पैसे ते पार्सल असं मोजलं तर वीस-पंचवीस दिवस येतात आणि तरी फारसं कुणी रद्द करत नाही. मग उशिराने रद्द होतं हे खरं कसं?

खाडीकाठ

@देवगड_बाग, तुमच्या गिऱ्हाइकाला तारीख आधीच सांगितलेली असते. त्याच्या मनातलं घड्याळ त्या तारखेला सुरू होतं. तुम्ही मोजताना पैसे आल्याच्या वेळेऐवजी कबूल केलेली तारीख घ्या. 10 तारखेचा शब्द होता आणि पेटी 14 ला निघाली तर चार दिवस. असं मोजल्यावर तुमच्याकडेही चढ दिसतो का ते सांगा. आणि एकाच दुकानात बुकिंगच्या पेट्या व रोजचा माल दोन्ही असतील तर एकत्र मोजू नका. बुकिंगच्या पेट्या थांबलेल्यांच्या रांगेत वीस दिवस बसून राहतात आणि भाजक फुगवून प्रमाण खाली आणतात.

रत्नांग्रीकर

पण मग 24 तासांत पाठवायचा नियम चुकीचा का? आकडे तर तेच सांगतायत. पहिल्या दिवशी 1 टक्का, चौथ्या दिवशी 12.

खाडीकाठ

@रत्नांग्रीकर, नियम वाईट नाही. पण पहिल्या आणि दुसऱ्या दिवसात फरक 1 आणि दीड टक्क्याचा. दुसऱ्या दिवसाच्या ऑर्डरी पहिल्या दिवशी काढायला माणूस वाढवला तर हाती फार काही लागणार नाही. वळण 48 तासांपाशी आहे. आधी हे बघायचं की 48 ओलांडणाऱ्या 180 मध्ये काय अडकलं होतं.

आगळ_आणि_काजू, मालवण

नोट्स वाचल्या. 48 तासांनंतरच्या 24 पैकी 10 आम्ही रद्द केल्या होत्या, माल नव्हता म्हणून. 48 ते 72 मध्ये चार, 72 ते 96 मध्ये चार, पुढे दोन. गिऱ्हाइकाने सांगून रद्द झालेल्या उरतात 5, 5 आणि 4. पहिल्या दोन दिवसांतल्या 12 सगळ्या गिऱ्हाइकाच्या. पहिल्या 24 तासांतल्या 6 पैकी 4 तर तासाभराच्या आत, चुकून दोनदा ऑर्डर झाली किंवा पत्ता चुकला म्हणून.

72 तास ओलांडलेल्या 75 ऑर्डरी उघडून बघितल्या. 52 मध्ये आंबापोळी आहे. मे महिन्यात मळभ आलं की पोळी वाळत नाही, एकेक थर उन्हात सुकल्याशिवाय पुढचा लावता येत नाही. काजू आणि आगळ तयार असूनही पोळीसाठी पूर्ण पार्सल थांबलेलं.

खाडीकाठ

हे कामाचं आहे. दुकानाने रद्द केलेल्या 10 हिशेबातून पुसू नका. त्या ज्या घडीला रद्द केल्या तोपर्यंत थांबलेल्याच होत्या. G मध्ये त्यांना "दुकानाने" असा वेगळा निकाल द्या, म्हणजे भाजकात राहतील आणि रद्दमध्ये मोजल्या जाणार नाहीत. मग तिसऱ्या दिवशी 5 भागिले 180, म्हणजे 2.8 टक्के. चौथ्या दिवशी 5 भागिले 75, म्हणजे 6.7 टक्के. चढ अजून आहे, पण पहिल्यापेक्षा जवळपास अर्धा. उशिराच्या नावावर आधी जेवढं लिहिलं होतं त्यातला मोठा भाग माल नसण्याचा होता.

वेंगुर्ल्याचा_आकडेबहाद्दर

उरलेला चढही उशिराचाच आहे हे अजून ठरलेलं नाही. आंबापोळी मागवणारं गिऱ्हाईकच वेगळं असू शकतं. सुट्टी संपवून परत जाण्याआधी घरी हवी म्हणून मागवली आणि ती तारीख उलटली की नको झाली. त्यांना काजूच्या गिऱ्हाइकाशी तोलता येणार नाही.

एक वाट आहे. कुरिअर रविवारी येत नाही. शनिवारी 4 नंतर ते रविवारी 4 पर्यंत पैसे भरणाऱ्याचा माल कितीही तयार असला तरी सोमवारी 4 लाच निघतो, म्हणजे कमीत कमी 24 ते 48 तास. इतर दिवशी कमीत कमी 0 ते 24. हा एक दिवसाचा जादा उशीर मालामुळे नाही की गिऱ्हाइकामुळे नाही, कुरिअरच्या वेळापत्रकामुळे आहे. हे दोन गट तोलून बघा. दुकानाने रद्द केलेल्या वेगळ्याच ठेवा.

आगळ_आणि_काजू, मालवण

शनिवार 4 ते रविवार 4: 100 ऑर्डरी, गिऱ्हाइकाने रद्द केलेल्या 7. बाकीच्या वेळात 500 ऑर्डरी, रद्द 19. म्हणजे 7 टक्के आणि 3.8 टक्के.

वेंगुर्ल्याचा_आकडेबहाद्दर

दिशा पटण्यासारखी आहे, पण 7 हा आकडा लहान आहे. दोन माणसांनी विचार बदलला असता तर 5 आणि 3.8 झालं असतं आणि आपण काहीच म्हटलं नसतं. आणखी एक हंगाम जोडल्याशिवाय यावर भिस्त ठेवू नका.

आणि एक तपासा: त्या 7 कधी रद्द झाल्या? उशीर हेच कारण असेल तर जादाच्या रद्द ऑर्डरी रविवारी रात्री, सोमवारी सकाळी दिसायला हव्यात. शनिवारी रात्री पहिल्या तासाभरात झाल्या असतील तर तो सुट्टीच्या दिवशी सहज मागवून लगेच नको म्हणणारा माणूस आहे, त्याचा पार्सलच्या उशिराशी संबंध नाही.

आगळ_आणि_काजू, मालवण

पाच सोमवारी, सकाळी 9 ते दुपारी 3 च्या मध्ये. दोन शनिवारी रात्रीच.

सड्यावरची_पोर

सोमवारी दुपारच्या आत म्हणजे पिकअपच्या ऐन तोंडावर. सोमवारी सकाळी दुकान उघडल्यावर त्यांना काही मेसेज जातो का, की 4 वाजता पार्सल गेल्यावर थेट ट्रॅकिंगचा नंबर?

आगळ_आणि_काजू, मालवण

थेट ट्रॅकिंग. मध्ये काही जात नाही.

देवगड_बाग

आमच्याकडे तारीख सांगितलेली असते म्हणून लोक थांबतात, असं वर खाडीकाठ म्हणाले. तसंच यांनी शनिवारी 4 नंतर पैसे भरणाऱ्याला "पार्सल सोमवारी दुपारी निघेल" एवढं पैसे भरण्याच्या पानावरच लिहून दाखवलं तर?

वेंगुर्ल्याचा_आकडेबहाद्दर

करून बघण्यासारखं आहे, पण सगळ्यांना एकदम दाखवलं तर फरक मळभाने पडला, हंगामाने पडला की ओळीने, ते कळणार नाही. एका शनिवारी दाखवा, पुढच्या शनिवारी नको, असं आलटून पालटून करा आणि कोणत्या शनिवारी होती ते शीटमध्ये लिहून ठेवा. ओळ वाचून काही जण पैसेच भरणार नाहीत, तेव्हा त्या दिवशीच्या एकूण ऑर्डरीही मोजा. नुसत्या रद्द मोजल्या तर ओळीचा तोटा दिसणार नाही.

खाडीकाठ

आणि आंबापोळीसाठी शनिवारची वाट बघू नका. जिथे पोळी इतर मालाबरोबर आहे आणि 48 तासांत वाळलेली मिळणार नाही, तिथे काजू-आगळ पुढे पाठवा, पोळीचं दुसरं पार्सल करा किंवा गिऱ्हाइकाला विचारून तेवढे पैसे परत द्या. दुसऱ्या पार्सलचा कुरिअर खर्च किती येतो आणि त्या 52 मधल्या किती रद्द झाल्या, हे दोन आकडे इथे टाका. परवडतं की नाही ते त्यावरच ठरेल. आणि पार्सल तोडल्यावर शीटमध्ये "गेली" कधी धरायची हेही आधी ठरवून घ्या. मी दुसरं पार्सल निघेल तेव्हा धरतो.

सड्यावरची_पोर

मी पहिलं निघेल तेव्हा धरते. हातात ट्रॅकिंग नंबर पडला की पूर्ण ऑर्डर रद्द करा असं क्वचित कुणी म्हणतं, बहुतेक जण उरलेल्या वस्तूबद्दलच विचारतात. त्या उरलेल्या वस्तूसाठी वेगळी ओळ करते.

खाडीकाठ

तसंही चालेल, फक्त मग 600 ऑर्डरींच्या 600 हून जास्त ओळी होतील आणि भागाकार ऑर्डरींचा न राहता पार्सलांचा होईल. आधीच्या हंगामाशी तोलताना तो हंगामही तसाच तोडून घ्यावा लागेल.